भिंतीवर माझी टिपणं

‘इथे थांबणे. लोक हसतील. न हसल्यास लगेच पुढे.’

ही ओळ मी स्वतःसाठी लिहिली होती. काल ती भरल्या सभागृहात भिंतीवर झळकली आणि लोक हसले. मी थांबायच्या आधीच.

पॉवरपॉइंटमध्ये ‘प्रेझेंटर व्ह्यू’ नावाची सोय आहे. भिंतीवर नुसती स्लाइड दिसते. वक्त्याच्या लॅपटॉपवर मात्र ती स्लाइड, शेजारी पुढची स्लाइड, खाली टिपणं आणि वर टायमर असा सगळा संसार मांडलेला असतो. अट एवढीच की विंडोजला दोन पडदे दोन वेगळे पडदे म्हणून दिसले पाहिजेत. Win+P दाबून ‘Duplicate’ निवडलं तर दोन्हीकडे एकच चित्र. ‘Extend’ निवडलं तर दोन्हीकडे वेगळं. मला दुसरं हवं होतं. सभागृहातला ऑपरेटर मात्र पहिल्याचा कट्टर पुरस्कर्ता. “सर, दोन्हीकडे सेम दिसलं की टेन्शन नाही. सगळे असंच करतात.” माझा लॅपटॉप लावणं नियमांत बसत नव्हतं, सभागृहाचाच वापरायचा होता. बरीच हुज्जत घातल्यावर त्याने उपकार केल्यासारखं ‘Extend’ केलं आणि माझी ओळख करून दिली जात असतानाच F5 दाबून, स्लाइड शो सुरू करून मोकळा झाला.

आता त्या लॅपटॉपचं पूर्वचरित्र मला काय ठाऊक? कुणीतरी कधीतरी प्रोजेक्टरलाच ‘मुख्य पडदा’ ठरवून ठेवलं होतं. ‘Slide Show’ टॅबमधल्या ‘Monitor’पुढे ‘Automatic’ असलं की पॉवरपॉइंट मुख्य पडद्यावर वक्त्याचा संसार मांडतो आणि दुसऱ्यावर स्लाइड. त्याच्या हिशेबाने मी भिंतीत बसलेलो होतो आणि श्रोते माझ्यासमोरच्या लॅपटॉपमध्ये.

माझ्यासमोर नुसतं शीर्षक. मला वाटलं, अजून सुरू व्हायचंय. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक काका खणखणीत आवाजात वाचू लागले.

“‘अध्यक्षांचं नाव नीट उच्चारणे. मागच्या वेळी चुकलं होतं.’”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मग पडदा काळा करायला B दाबला. कुठल्याही सराईत वक्त्याचा हात तिथेच जातो. पण B ने काळी होते ती स्लाइड, टिपणं नव्हेत. म्हणजे अंधार झाला तो माझ्यासमोरच्या लॅपटॉपवर. भिंतीवरची टिपणं ठणठणीत.

“पुढचं बारीक आहे हो,” काका म्हणाले. “जरा मोठं करता येईल का?”

हे माझ्याऐवजी ऑपरेटरने मनावर घेतलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्यात उत्साह संचारला. टिपणांच्या खाली अक्षर लहानमोठं करायची दोन बटणं असतात. त्याने माउस ओढून घेतला आणि मोठ्या A वर टकटक क्लिक केलं. अक्षरं फुगत फुगत शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

“हां, आता कसं!” काका प्रसन्न झाले. “‘पाणी पिणे. घाई करू नये.’ चांगलं आहे की! प्या पाणी. आम्हाला घाई नाही.”

मी खरंच प्यायलो. दुसरं काय करणार?

इलाज माहीत होता. त्या पडद्याच्या वरच्या पट्टीत ‘Display Settings’ असतं, त्यात ‘Swap Presenter View and Slide Show’. एका क्लिकमध्ये दोन्ही बाजू आपापल्या जागी जातात. पण ती पट्टी आता भिंतीवर होती, माउसचा बाण परत आला होता माझ्या काळ्या पडद्यावर, आणि भिंत लॅपटॉपच्या उजवीकडे की डावीकडे हे विंडोजच्या मांडणीवर ठरतं, सभागृहाच्या बांधकामावर नाही. मला भिंत उजवीकडे दिसत होती. मी बाण उजवीकडे नेला. तो कडेला धडकून तिथेच.

“डावीकडून आणा!” काकांनी सूत्रं हाती घेतली. “आला, आला. वर घ्या. अहो, फार वर गेलात. थोडं खाली. तिथे काहीतरी लिहिलंय बघा.”

सत्तरीच्या घरातल्या माणसाने इतक्या बारकाईने पडदा पाहावा, याचं एरवी मी कौतुक केलं असतं. शेवटी एकदाचं क्लिक झालं. मी B पुन्हा दाबून काळोख हटवला. भिंतीवर माझी देखणी शीर्षक-स्लाइड आली आणि सभागृहातून स्पष्ट निराशेचा सूर उमटला.

“मगाचंच बरं होतं,” काका म्हणाले. “त्यात पुढचं काय येणार तेही कळत होतं. आणि एक सांगू का? चौदा मिनिटं झालीत तुमची. मी पाहिलं ना वर. अजून पहिल्याच पानावर आहात.”

इथे मला खरोखर राग आला. काकांचा नाही, त्या टायमरचा. तो स्लाइड शो सुरू झाल्या क्षणापासून मोजतो. ओळख, शाल, श्रीफळ, अध्यक्षांना सुचलेली आठवण, सगळं माझ्या खात्यावर. शेजारच्या बटणाने तो पुन्हा शून्यावर आणता येतो, मी आणलाही. पण तो फक्त पुढे मोजतो, उलटा नाही. वीस मिनिटांपैकी किती उरली ते सांगत नाही. वजाबाकी बोलता बोलता आपणच करायची. आणि वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवणारे आयोजक मूळ घड्याळ धरून बसलेले. माझी चिठ्ठी सहाव्या स्लाइडला आली. स्लाइड होत्या अठरा.

खरं तर हे सगळं श्रोते यायच्या आधी दोन मिनिटांत तपासता येतं. Win+P, ‘Extend’. मग सेटिंग्जमध्ये System, त्यात Display. ‘Identify’ दाबलं की दोन्ही पडद्यांवर आकडे उमटतात. लॅपटॉपचा आकडा निवडून ‘Make this my main display’वर टिचकी. पॉवरपॉइंटमध्ये ‘Use Presenter View’पुढे खूण आहे ना बघायची आणि ‘Monitor’मध्ये ‘Automatic’वर विसंबण्यापेक्षा प्रोजेक्टरचं नाव निवडायचं. पण त्यासाठी ती दोन मिनिटं लॅपटॉप वक्त्याच्या हातात द्यावा लागतो. “सगळं सेट आहे सर, तुम्ही फक्त बोला,” असं म्हणणाऱ्या मंडळींना ते पटत नाही. सतरंजी नीट घातलीय का हे चार जण बघून जातात, पडदा कुणीच बघत नाही.

घरी सराव करायला Alt+F5 आहे. एकाच पडद्यावरही प्रेझेंटर व्ह्यू उघडतो. तेच सभागृहात ‘Duplicate’वर दाबलं तर टिपणं थेट भिंतीवर, आणि तिथे अदलाबदल करायला दुसरा पडदाच नसतो. हे मी ऑपरेटरला जाता जाता सांगितलं. तो माझ्यानंतरच्या बाईंसाठी Win+P दाबत होता.

“म्हणूनच म्हणतो सर,” तो ‘Duplicate’वर क्लिक करत म्हणाला, “टिपणं कागदावर आणायची.”