भेगेचा फोटो कसा काढावा, म्हणजे इंजिनिअर लागणार नाही

भिंतीला भेग दिसली की घाबरू नका, मोबाइल काढा. फोटो अगदी जवळून घ्या. चौकटीत फक्त भेग आणि रंग यावा. खिडकीचा कोपरा, छत, जमीन असलं काही दिसलं, तर भेग कुठून निघून कुठे चालली आहे हे बघणाऱ्याला कळेल आणि तो नको ते प्रश्न विचारेल. शेजारी पट्टी किंवा नाणं मुळीच धरू नका. पट्टी नसली की 5 मिलिमीटरची भेगसुद्धा केसासारखी म्हणून खपते. उलट बायकोला घाबरवायचं असेल, तर रात्री टॉर्च भिंतीलगत आडवा धरा. गिलाव्यावरचा ओरखडाही दरीसारखा दिसेल.

मग फोटो नातेवाइकांना पाठवा. "घर आहे, जरा बसणारच," असं उत्तर येईल. कोणता भाग बसतोय आणि किती, हे कोणी विचारणार नाही.

माझ्या आतेभावाने हे सगळं शिस्तीत केलं. त्याच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून भेग निघाली होती आणि विटांच्या सांध्यांतून पायरीपायरीने तिरकी वर चालली होती. गिलाव्याची भेग बारीक, जाळ्यासारखी असते आणि बहुधा गिलाव्यातच संपते. ही मात्र बाहेरच्या बाजूलाही, नेमकी त्याच जागी होती. ते कळायला बाहेर जाऊन बघावं लागतं. त्याने ते टाळलं, कारण फोटो आतूनच छान येत होता. खिडकीपाशी भेग जेमतेम 1 मिलिमीटर होती, छताजवळ 4. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती भेग म्हणजे भिंतीचा एक तुकडा दुसऱ्यापासून कलतोय. घराचा कोपरा खचला की अशी भेग बहुधा वर रुंद असते. मधला भाग खचला की खाली. पण फोटोत बरोबर मधला भाग घेतला, की ही भानगडच उरत नाही.

त्याच सुमारास भेगेशेजारचं दार चौकटीला घासायला लागलं. त्याने सुताराला बोलावून दार तासून घेतलं. तुम्हीही तेच करा. दाराचा आणि भेगेचा संबंध जोडत बसणं रिकामटेकड्यांचं काम आहे.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची: पुट्टी. भेग भरा, घासा, रंग मारा. त्यामुळे भेग जुनी की नवी हे सांगणारा पुरावाही बुजतो. जुन्या भेगेच्या आत रंग आणि धूळ गेलेली असते, ताजीच्या कडा स्वच्छ आणि धारदार दिसतात. काही हट्टी लोक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहितात. काही जण तर भेगेच्या दोन बाजूंना एकेक स्क्रू बसवून त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने दर महिन्याला मोजतात. ऋतूप्रमाणे उघडणारी-मिटणारी भेग वेगळी आणि एकाच दिशेने वाढत जाणारी वेगळी, हे त्यांना त्यातून कळतं. वाढत असेल तर ते इंजिनिअरला फोन करतात. पुट्टीवाल्याला कसलंच मोजमाप लागत नाही. पुट्टीच पुन्हा फुटून सांगते.

आतेभावाची पुट्टी तीन महिन्यांत फुटली. त्याने वर कॅलेंडर लावलं.

एवढा धीर सगळीकडे मात्र दाखवू नका, हे मी उपरोध बाजूला ठेवून सांगतो. सिमेंटच्या खांबावर उभी भेग, तिच्यातून गंजाचे डाग आणि ठोकल्यावर पोकळ आवाज. तुळईच्या टेकूजवळ तिरकी भेग. किंवा आडवी भेग पडून पोट काढलेली भिंत दिसली, तर मोजत बसू नका. त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा आणि तोवर त्या जागेखाली वावरू नका.

असो. भेग कॅलेंडरच्या खालून बाहेर आली, तेव्हा आतेभावाने इंजिनिअर आणला. त्याने आतल्या भिंतीकडे दोन मिनिटंच पाहिलं आणि थेट बाहेर कोपऱ्यावर गेला. तिथे सांडपाण्याचा पाइप सांध्यात फुटला होता आणि पाणी पायाखालची माती भुसभुशीत करत होतं. भिंत नंतर, आधी पाइप, असं तो म्हणाला. पाइप दुरुस्त झाल्यावर भेगेवर स्क्रू लावून थांबायचं आणि हालचाल थांबली, तरच ती भरायची.

निघताना त्याने विचारलं, "भेग पहिल्यांदा कधी दिसली?"

"एक मिनिट," आतेभाऊ म्हणाला, आणि कॅलेंडर शोधायला आत गेला.