टोमण्याचं मॉइश्चर

बुधवारी संध्याकाळी सव्वासहाला मी मोबाईलवर एक मेसेज लिहायला घेतला आणि रात्री साडेदहाला पाठवला. मेसेज जेमतेम चार ओळींचा. मधल्या सव्वाचार तासांत माझं एक जेवण, दोन चहा आणि बायकोशी अर्धं भांडण उरकलं.

प्रसंग साधा होता. आम्ही सोयाबीन घेऊन गोदामात ठेवणारी माणसं. मी लातूरच्या ऑफिसात हिशोबाला आणि मामा औशाकडच्या गोदामावर. मामा कुणाचे सख्खे मामा ते कुणालाच ठाऊक नाही, पण मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. रोज संध्याकाळी पाचपर्यंत त्यांनी दिवसभर उतरलेल्या गाड्यांचा तक्ता पाठवायचा: गाडी नंबर, पोती, वजन आणि मॉइश्चर. ठरल्यापेक्षा ओलावा जास्त निघाला की तेवढं वजन कापून बिल निघतं. म्हणजे मॉइश्चरचा आकडा नाही तर बिल नाही, आणि बिल नाही तर शेतकरी माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसतो. सोमवारचा तक्ता आला तो मॉइश्चरचा रकाना कोरा ठेवून. मंगळवारचा आलाच नाही. बुधवारी तिघं जण खुर्च्या ओढून बसले आणि माझं डोकं तापलं.

तेव्हा मी जो मेसेज लिहिला तो आधी जसाच्या तसा देतो:

'आदरणीय मामा, आपण अतिशय व्यस्त असता याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. तरी सवडीनं, जमलंच तर, सोमवारचा आणि मंगळवारचा मॉइश्चरचा तक्ता आज तरी मिळेल का? नेहमीप्रमाणे बाकीचं आम्हीच जुळवून घेऊ. लोभ आहेच.' आणि शेवटी जोडलेले हात.

लिहून झाल्यावर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! यात एक शब्द वाईट नाही. कोर्टात नेलं तरी सुटेन. उलट न्यायाधीश म्हणतील, काय नम्र माणूस आहे. आपल्याकडं याला शालजोडीतले म्हणतात. वरून शाल दिसते, आतला जोडा ज्याला बसतो त्यालाच कळतो.

आता मी हा मेसेज तसाच पाठवलाही असता. पण मागच्या वर्षीचा एक घाव अजून ओला होता. मामांचा तक्ता असाच लांबला होता तेव्हा मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'काही गोदामांची शिस्त खरंच वाखाणण्यासारखी आहे. चौथ्या दिवशी का होईना, तक्ता येतो!' लेकी बोले सुने लागे, असा बेत होता. मामांनी खाली गुलाबाचं फूल टाकलं आणि लिहिलं, 'तुमचे आशीर्वाद साहेब.' त्यांना ती शाबासकी वाटली. आणि निलंग्याच्या गोदामावरचा पोरगा, जो रोज पावणेपाचलाच तक्ता पाठवतो, त्यानं रात्री फोन केला, "साहेब, माझं काय चुकलं?" दोन दिवस तो जेवला नाही असं त्याच्या आईनं मला बाजारात सांगितलं.

ही गोष्ट मी मुलीला सांगितली होती. ती मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, बाबा, यावरचे अमेरिकेतले प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झालेत. जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली वगैरे मंडळींनी लोकांना काही वाक्यं ईमेलनं आणि काही बोलून दुसऱ्याला पोचवायला लावली. वाक्यांतली काही सरळ, काही टोमण्याची. पाठवणाऱ्यांना वाटत होतं, शंभरातली अठ्ठ्याहत्तर तरी समोरच्याला बरोबर कळतील. बोललेली त्र्याहत्तर कळली. लिहिलेली छप्पन. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नास बरोबर आलीच असती. कारण असं की लिहिताना आपला आवाज, आपला हेल, आपली वर गेलेली भुवई आपल्याला ऐकू येत असते. ती अक्षरांबरोबर जात नाही, पण गेलीच असणार असं आपण धरून चालतो.

म्हणजे टोमणा मारायचा तर तोंडानं मारावा, लिहून मारला तर तो निलंग्याला जाऊन लागतो. तेव्हा ठरवलं, मेसेज वाळवायचा.

हमीभावानं शासन सोयाबीन घेतं तेव्हा ओलावा बारा टक्क्यांपर्यंत चालतो. माझा हा मेसेज किमान पंचवीसचा होता, हातात घेतला तर ओंजळ भिजावी असा. (२०२४ च्या नोव्हेंबरात पाऊस लांबला म्हणून केंद्रानं पंधरापर्यंत सूट दिली होती. तशी सूट मलाही कुणीतरी द्यावी अशी त्या संध्याकाळी फार इच्छा होती.)

एकेक शब्द काढायला बसलो. 'आदरणीय', 'अतिशय' आणि 'पूर्ण कल्पना' ओळीनं गेले, त्यांचं काही वाटलं नाही. खरी कुसळं बारीक शब्दांत निघाली. 'आज तरी' मधला 'तरी' बघा. दोन अक्षरं, पण त्यात सोमवार, मंगळवार, मागचं वर्ष आणि मामांची एकूण कारकीर्द बसलेली. 'आम्हीच' मधला 'च' तर साक्षात बाभळीचा काटा. 'बाकीचं आम्ही जुळवून घेऊ' म्हटलं तर मदत होते, 'आम्हीच' म्हटलं की उपकार होतात. 'जमलंच तर' मध्ये 'च' आणि 'तर' गळ्यात गळा घालून उभे होते. 'नेहमीप्रमाणे' काढताना जीवावर आलं, कारण ते खरं होतं. पण मला तक्ता दोन दिवसांचा हवा होता, नेहमीचा नव्हता. ज्या शब्दानं जुनं उकरलं जातं त्याला समोरचा जुन्याचंच उत्तर देतो, आणि मग दोघं मिळून २०१९ पर्यंत मागं जातो.

सगळ्यात उशिरा सापडला तो 'आपण'. मामांना मी गेली नऊ वर्षं 'तुम्ही' म्हणतो. "मामा, तुम्ही चहा घेतला का?" असं. त्या माणसाला एकाएकी 'आपण' म्हटलं तर त्याला मान वाढल्यासारखा वाटत नाही, सतरंजी गुंडाळायला घेतल्यासारखं वाटतं. माझ्या वडिलांनी मला एकदाच 'आपण कधी उठणार?' असं विचारलं होतं. त्यानंतर मी कॉलेज संपेपर्यंत साडेपाचला उठलो.

'लोभ आहेच' आणि जोडलेले हात पण गेले. असे हात देवापुढं जोडतात नाहीतर माणसापुढं टेकतात, आणि माझे दुसऱ्या प्रकारचे होते.

एवढं पाखडल्यावर सुपात काय उरलं? 'सोमवारचा आणि मंगळवारचा मॉइश्चरचा तक्ता.' इतक्या फोलकटात हाच एक दाणा होता. त्याला 'पाठवा' जोडलं आणि खाली एक ठसठशीत पूर्णविराम दिला. तोवर नऊ वाजले होते.

बायकोला दाखवलं. तिनं वाचलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कोण जाणार? कामाचा मेसेज आहे."

"मला असा मेसेज आला ना, तर मी पुढच्या गाडीनं माहेरी जाईन."

मी म्हणालो की तुला कामाच्या भाषेतलं कळत नाही, इथूनच ते अर्धं भांडण. अर्धं अशासाठी की तिचं बरोबर होतं. सोयाबीन गरजेपेक्षा जास्त वाळलं की वरचं टरफल तडकतं, दाण्याची डाळ पडते, आणि तो मालही बाजूला काढावा लागतो. टोमणा गेला होता, पण त्याच्याबरोबर माणूसपणही गेलं होतं. ही अडचण मला आधी कुणी सांगितली नव्हती. राग शब्दातून काढला की तो जात नाही, शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन बसतो. अशा कोरड्या मेसेजात वाचणारा स्वतःच्या मनातला आवाज भरतो, आणि मंगळवारी तक्ता दिला नाही हे मामांना ठाऊक होतंच, म्हणजे तो आवाज काय असणार ते उघड होतं.

मध्ये एकदा मोहही झाला. साधाच मेसेज, पण ग्रुपवर टाकावा, मालकही वाचतील. शब्द सगळे धुतलेले, तरी ग्रुपवर टाकणं हाच टोमणा. बोट त्या ग्रुपच्या नावावर ठेवून मी दीडएक मिनिट बसलो होतो, खोटं कशाला बोला.

शेवटी मामा समोर बाकड्यावर बसलेत असं धरलं आणि तोंडानं मोठ्यानं बोलून बघितलं. आणि मला खरंच काय ठाऊक नाही, ते स्वतःला विचारलं. मला वाटत होतं मामा आळस करतात. पण मला ठाऊक होतं ते एवढंच की रकाना कोरा आहे. आळस हा माझा रकाना होता, मीच भरलेला. मग हे लिहिलं:

'मामा, सोमवारच्या तक्त्यात मॉइश्चरचा रकाना कोरा आहे आणि मंगळवारचा तक्ता माझ्याकडं आलेला नाही. उद्या सकाळी दहाला बिलं काढायची आहेत, आकड्यांवाचून तीन शेतकऱ्यांची अडली आहेत. तिकडं काही अडचण आहे का? असली तर आत्ता फोन केला तरी चालेल, मी जागा आहे.'

बायकोनं वाचलं, काही बोलली नाही, दिवा घालवायला गेली. हे तिचं बारा टक्के. पाठवलं.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. 'टाइप करत आहे' असं दिसलं, थांबलं, परत दिसलं. मामांना टाइप करायला वेळ लागतो हे मला माहीत होतं, पण त्या रात्री वाटलं, तेही काहीतरी वाळवू लागलेत.

उत्तर आलं: 'मशीनचा सेल सोमवारी सकाळी संपला. चौकोनी ९ वाला आहे, इकडं मिळेना. चिठ्ठी सोमवारीच डिझेलच्या पावत्यासोबत डायवरकडं दिली आहे तुमच्यासाठी. दाताखाली धरून बघतोय, माल वाळलेला आहे, पण दाताचा आकडा तक्त्यात कसा लिहू.'

डिझेलच्या पावत्या माझ्या टेबलावर डाव्या बाजूला, पेपरवेटखाली. सोमवारपासून. त्यांच्या मधोमध एक वहीचा चौकोनी कागद असल्याचं आता मला स्पष्ट आठवलं. मी तो बघितला होता आणि नंतर बघू म्हणून परत ठेवला होता.

मग मी मामांचा मेसेज पुन्हा वाचला. 'सोमवारीच' मध्ये एक 'च' आहे. तो नुसता वार सांगतो की मला सांगतो? सरळ वाचलं तर काही नाही. मोठ्यानं वाचलं तर थोडं काहीतरी आहे. मामांच्या आवाजात वाचलं तर नाही. माझ्या आवाजात वाचलं तर भरपूर आहे.

"झोपा आता," बायको आतून म्हणाली.

सकाळी गंजगोलाईच्या बाजारातून दोन सेल घेतले, एक जास्तीचा, आणि पहिल्या गाडीनं औशाला पाठवले. सोबत चिठ्ठी लिहिली, 'मामा, चिठ्ठी माझ्याकडंच होती.' 'माझ्याकडंच' मधला 'च' मुद्दाम ठेवला.

साडेअकराला तक्ता आला. सगळे आकडे भरलेले, एकही गाडी बाराच्या वर नाही. खाली गुलाबाचं फूल.