बरणी बदलली, उजेड तोच ठेवायचा

«पीडीएफमधलं नवं लेबल जुन्या बरणीच्या फोटोवर चढवलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं, अक्षरंही खणखणीत दिसली असती. बरणीला कोरा कागद गुंडाळून पुन्हा फोटो काढण्याचा खटाटोप लोकांना कशाला सांगता?»

नमस्कार. अक्षरांचं तुमचं म्हणणं मान्य आहे, मीही ती पीडीएफमधूनच घेतो. प्रश्न उजेडाचा आहे. नौपाड्यातल्या एका लोणचेवाल्यांना कॅटलॉगात कैरीच्या बरणीच्या जुन्या फोटोसारखाच लिंबाच्या नव्या बरणीचा फोटो हवा होता. कैरीची बरणी ठेंगणी होती आणि तिचं लेबल खरखरीत कागदाचं. लिंबाची बरणी उंच, लेबल चकचकीत हिरवं. खिडकी डावीकडे. चकचकीत लेबलावर खिडकीची उभी पांढरी पट्टी उमटते, तिच्या कडा स्पष्ट दिसतात. खरखरीत कागदावर तोच उजेड नुसता पसरतो. तो पसरलेला उजेड हिरव्या लेबलाला दिला की बघणारा लगेच म्हणतो, हे वरून चिकटवलंय.

म्हणून नव्या बरणीला तसाच चकचकीत पण कोरा कागद गुंडाळायचा, एकदा पांढरा, एकदा काळा. कॅमेऱ्याची उंची, अंतर, लेन्स आणि खिडकीची बाजू जुन्या फोटोसारखीच. पांढऱ्या कागदावर सावली मिळते, काळ्यावर फक्त चकाकी. फोटोशॉपमध्ये पीडीएफ स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून घ्यायची, म्हणजे लहानमोठी करताना अक्षरं फुटत नाहीत. मग ती बरणीच्या गोलाईवर वाकवायची. कडेची अक्षरं दाटीवाटीने आलीच पाहिजेत, सगळी सारख्या रुंदीची राहिली तर बरणी सपाट दिसते. हे लेबल पांढऱ्या कागदाच्या फोटोवर ‘मल्टिप्लाय’ने बसतं. पण मल्टिप्लायमध्ये पांढरी पट्टीही हिरवी होते. ती परत आणायला काळ्या कागदाचा फोटो सगळ्यात वर ‘स्क्रीन’ने ठेवायचा.

आता पट्टी नेमकी ब्रँडच्या नावावर आली तर? ती पुसू नका. बरणी गोल असल्यामुळे ती जागच्या जागी फिरवली तरी पट्टी हलत नाही, लेबल मात्र सरकतं. म्हणून वाकवण्याआधी लेबल थोडं बाजूला सरकवा आणि नाव पट्टीबाहेर काढा.

बारीक मजकुराला मात्र मर्यादा आहे. खरी बरणी 12 सेंटीमीटरची, कॅटलॉगात ती 4 सेंटीमीटरची. म्हणजे 1.2 मिलिमीटर उंचीचं अक्षर 0.4 मिलिमीटरवर येतं. 300 डीपीआयला ते जेमतेम पाच पिक्सेल. त्यात वेलांटी न् उकार मावत नाहीत, मूळ पीडीएफ कितीही स्वच्छ असो. घटकांची यादी वाचता यावी असं वाटत असेल तर फोटोशेजारी वेगळी छापावी. लेबलावरच ती मोठी करून दाखवली तर गिऱ्हाईकाला वेगळाच माल दाखवल्यासारखं होईल.

बरणी तीच, लेबलाचा कागद तोच आणि फक्त ‘कैरी’चं ‘लिंबू’ झालं असेल, तर तुमची दहा मिनिटांची पद्धत अगदी योग्य आहे. तिथे मीही तीच वापरतो.