‘बघू’ या एका शब्दाने माझं दीड वर्ष खाल्लं

आमच्या ऑफिसच्या जिन्याला ४४ पायऱ्या आहेत. माझ्या उजव्या पायात कॅलिपर आहे, पोलिओ लहानपणीचा, प्रमाणपत्रावर ५५ टक्के. लिफ्टच्या दाराला ‘लिफ्ट बंद आहे’ असा पुठ्ठा सुतळीने बांधलेला आहे, आणि ती सुतळी आता काळी पडली आहे. तळमजल्यावर तीन टेबलं रिकामी आहेत. मी एवढंच मागितलं होतं की त्यातलं एक मला द्या. काम तेच, पगार तोच, कुणाचं काहीही जात नाही. साहेब म्हणाले, “बघू.”

या ‘बघू’चा मला भयंकर राग आहे. कारण ‘नाही’ म्हटलं तर तक्रार करता येते, ‘बघू’ची तक्रार कशी करणार? मी चार महिने त्यांच्या केबिनसमोर उभा राहून तोंडी विनवण्या केल्या आणि त्या चार महिन्यांचा कागदावर एक ओरखडाही नाही. दिव्यांगांच्या तक्रारी ऐकणाऱ्या दिव्यांग आयुक्तांकडे जायचं असेल तर हे आधी समजून घ्या: तोंडी बोललेलं तिथे घडलेलंच नसतं.

शेवटी ३ जूनला लेखी अर्ज घेऊन आवक-जावकला गेलो. तिथे म्हणाले, साहेबांची सही असल्याशिवाय पोच देता येणार नाही. माझाच अर्ज, साहेबांविरुद्ध, आणि पोच साहेबांच्या सहीवर! मी तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवला, ऑफिसच्या अधिकृत ईमेलवरही टाकला आणि पोस्टाची पावती फाइलला लावली. त्यानंतर एक सवय लावून घेतली. साहेब काहीही बोलले की संध्याकाळी ईमेल: “आज सकाळी ११ वाजता आपण सांगितलेत की तळमजल्यावरची टेबलं दुसऱ्या शाखेसाठी राखीव आहेत.” त्यांनी एकाही ईमेलचं खंडन केलं नाही. पुढे सुनावणीत हेच ईमेल उपयोगी पडले.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, म्हणजे संताप का येतो ते कळेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २३. प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत करायची. दोन आठवडे! आमच्याकडे हा अधिकारी कोण, हे शिपायापासून साहेबांपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाकला आणि चारच गोष्टी मागितल्या: कलम २३ खालच्या अधिकाऱ्याचं नाव, त्या नोंदवहीची प्रत, समान संधी धोरणाची प्रत आणि लिफ्टच्या देखभाल कराराची प्रत. उत्तर आलं: पहिल्या तिन्हींची माहिती ‘निरंक’, आणि करार दोन वर्षांपूर्वीच संपलेला. वाचून हात थरथरले. पण त्या ‘निरंक’सारखा दुसरा पुरावा नाही. कायदा पाळलेला नाही हे त्यांनीच सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं.

बाकी पुरावा असा जमवला. रोज सकाळी बंद लिफ्टचा फोटो, शेजारच्या भिंतीवरच्या तारखेच्या कॅलेंडरसकट. हाडांच्या डॉक्टरांचं पत्र, कारण दिव्यांगत्वाच्या युडीआयडी कार्डावर टक्के असतात, जिना चढल्याने गुडघ्याचं काय होतं ते नसतं. आणि सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे त्याच काळात दुसऱ्या एका सहकाऱ्याला तळमजल्यावर बसवल्याचा कार्यालयीन आदेश. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याला देता येतं आणि मला येत नाही, म्हणजे ‘टेबलं राखीव आहेत’ हे उत्तर खोटं ठरतं.

तक्रारीचा पहिला मसुदा मी नऊ पानांचा लिहिला होता. सगळा अपमान ओतला होता त्यात आणि शेवटी ‘मला न्याय मिळावा’. एका वकील मैत्रिणीने तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “आयुक्तांनी आदेशात नेमकं कुठलं वाक्य लिहावं असं तुला वाटतं?” मग अडीच पानं झाली. मी कोण, विरुद्ध पक्ष कोण (व्यक्तीचं नाव नाही, पदनाम, कारण साहेबांची बदली होते), तारीखवार घटना, सोबतचे कागद आणि तीन मागण्या: तळमजल्यावर टेबल, लिफ्ट दुरुस्तीची मुदत, तक्रार निवारण अधिकाऱ्याची नेमणूक. आमचं ऑफिस राज्याचं, म्हणून राज्य आयुक्त. रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक, केंद्राचं खातं असेल तर दिल्लीचे मुख्य आयुक्त. माझ्या एका बँकेतल्या मित्राचे दोन महिने चुकीच्या दारात गेले.

तक्रार १ सप्टेंबरला दिली. केंद्राच्या २०१७च्या नियमांत मुख्य आयुक्तांसाठी वेळापत्रक दिलं आहे: विरुद्ध पक्षाला उत्तराला ३० दिवस, फार तर १५ वाढीव, आणि शक्यतो नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल. ते वाचून मी दिवाळीपर्यंत टेबल मिळेल असं घरी सांगितलं होतं. त्या ‘शक्यतो’ शब्दाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आमच्या खात्याने उत्तर दिलं डिसेंबरात, तेही ‘लिफ्ट सुस्थितीत आहे, भेदभावाचा हेतू नव्हता’ असं. जानेवारीच्या सुनावणीला त्यांनी एका नवख्या लिपिकाला पाठवलं, अधिकारपत्राशिवाय. पुढची तारीख मार्चची. मी मात्र दोन्ही वेळा रजा टाकून हजर, कारण तक्रारदारच गैरहजर राहिला तर तक्रार निकाली निघू शकते.

‘हेतू नव्हता’ यावर मार्चमध्ये मी एवढंच दाखवलं: कलम २ मधल्या भेदभावाच्या व्याख्येत उद्देश किंवा परिणाम, दोन्ही आहेत, आणि वाजवी सोयसुविधा नाकारणं हाही भेदभावच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या विकास कुमार प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे. लिफ्ट सुस्थितीत असल्याच्या दाव्यावर त्यांचंच माहिती अधिकारातलं उत्तर ठेवलं. मेमध्ये आदेश माझ्या बाजूने आला. नोटिशीपासून आठ महिने.

आणि आदेश म्हणजे काय? शिफारस! आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी निघते ती शिफारस. निकाल लागेपर्यंत तात्पुरतं टेबल द्या, असा अंतरिम आदेशही मागून उपयोग नाही. जुन्या कायद्याखालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं की आयुक्तांना तो अधिकार नाही. बदली किंवा बडतर्फी थांबवायची असेल तर थेट उच्च न्यायालय गाठा, इथे वाट बघत बसू नका. कलम ८१ प्रमाणे शिफारस मिळाल्यावर खात्याने तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवायचं, आणि मान्य नसेल तर त्याच मुदतीत कारणं लेखी द्यायची, आयुक्तांना आणि मलाही.

खात्याला शिफारस २ जूनला पोचली, पोच माझ्याकडे आहे. आज ८१ वा दिवस. साहेबांना सकाळी विचारलं तर म्हणाले, “बघू.” ते मी संध्याकाळी ईमेलवर लिहून पाठवलं आहे. उच्च न्यायालयातल्या याचिकेचे कागद वकिलाकडे तयार आहेत, आणि उद्या सकाळी पुन्हा त्या ४४ पायऱ्या आहेत.