दोरी तुटते ती नेमकी खालीच

“लोलक सगळ्यात खाली आला की दोरीवरचा ताण फक्त mg असतो, कारण तिथे वेग पूर्ण आडवा असतो, वर-खाली हालचालच नसते, म्हणजे बलं बॅलन्स झाली. आणि गोळा जड असला तर तो खाली जास्त स्पीडने येतो.”

असं बरेच जण म्हणतात, पण यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आधी स्पीडचं बघू, ते लवकर संपतं. एक मीटर दोरी, अर्धा किलोचा गोळा, उभ्या रेषेपासून 60 अंशांवर नेऊन धक्का न देता सोडला. cos 60° = 0.5, म्हणजे गोळा खालच्या जागेपेक्षा अर्धा मीटर वर होता. दोरीचा ताण कायम गोळ्याच्या वाटेला काटकोनात असतो म्हणून तो काहीच काम करत नाही, जी स्थितिज ऊर्जा जाते ती सगळी गतिज होते. mgh = ½mv², दोन्हीकडचा m उडाला, वस्तुमानाचा विषयच संपला. v² = 2 × 9.8 × 0.5 = 9.8, वेग साधारण 3.13 मीटर प्रति सेकंद. एक किलोचा गोळा लावा, तेवढाच येईल. फक्त थर्माकोलचा वगैरे लावू नका, तिथे हवा बरीच ऊर्जा खाते.

आता ताण. खरी गडबड इथे आहे आणि ती बारावीच्या पोरांकडूनही सर्रास होते. वेग आडवा आहे हे बरोबर, पण त्याची दिशा त्याच क्षणी वर वळतेय ना, गोळा सरळ न जाता वर्तुळावरून चाललाय. दिशा बदलतेय म्हणजे त्वरण आहे, ते वर टांगलेल्या बिंदूकडे, v²/L इतकं, L म्हणजे दोरीची लांबी. ते द्यायला दोरीच आहे, दुसरं कोणी नाही.

T − mg = mv²/L
T = 4.9 + 4.9 = 9.8 न्यूटन

म्हणजे वजनाच्या बरोबर दुप्पट. सोडायच्या क्षणी हाच ताण mg cos 60°, म्हणजे वजनाच्या निम्मा होता, तिथून खाली येईपर्यंत चौपट झाला!

सोडायचा कोन θ धरला तर v² = 2gL(1 − cosθ), ते वरच्या समीकरणात टाकलं की T = mg(3 − 2cosθ) मिळतं. यात L नाहीच, दोरी लांब केली की v² वाढतो पण त्रिज्याही तेवढीच वाढते. 90 अंशांवरून सोडलं तर ताण तिप्पट. ताण mg इतकाच राहतो तो गोळा नुसता लटकत असताना.

पटत नसेल तर दोरा स्प्रिंगकाट्याला बांधा, 60 अंशांवरून सोडा आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये काटा बघा. स्प्रिंग ताणते, काटा मागे राहतो, त्यामुळे बरोबर एक किलो नाही दिसणार, पण अर्ध्या किलोच्या बराच पुढे गेलेला दिसेल.

झाडाला झोका बांधताना हे लक्षात ठेवा. 60 किलोचा माणूस 60 अंशांपर्यंत झोके घेतो तेव्हा खालून जाताना दोन्ही दोऱ्यांवर मिळून 120 किलोंचा भार येतो, आणि नुसतं बसून “धरतेय की” म्हणून तपासलेली गाठ तिथेच सुटते.