भाऊंची पंचवीस वर्षे आणि एक लाल रेघ

आमच्या पणजीच्या ऑफिसात भाऊंना पंचवीस वर्षे झाली आणि सत्काराचे भाषण माझ्या गळ्यात पडले. साहेबांनी मुद्देही दिले: "वक्तशीरपणा घे. आणि या काळात गोवा किती बदलला, तेही घे. अटल सेतू विसरू नको."

अडचण अशी की भाऊ चोडणचे. चोडण बेट आहे आणि तिथून रायबंदरला यायला पूल नाही, फेरीबोट आहे. 2019 साली पणजीला मांडवी नदीवर अटल सेतू झाला, त्याचे फोटो सगळ्या गोव्याने काढले. भाऊंची फेरी मात्र तीच.

वक्तशीरपणाचा पुरावा शोधायला मी जुनी मस्टरे काढली. 2000 साली सव्वानऊला हेडक्लार्क शेवटच्या सहीखाली लाल रेघ ओढायचे. रेघेच्या खाली सही म्हणजे लेट, आणि तीन लेटला अर्धी रजा. भाऊंच्या सह्या इतक्या नेमाने रेघेखाली, की वक्तशीरपणा म्हणायचाच तर तो हाच. शेरा एकच: 'फेरी चुकली.' पावसाळ्यात थोडी विविधता: 'पाण्याला ओढ, फेरी बंद.' कुणी हरकत घेतली तर भाऊ म्हणायचे, "तुम्ही या ना एकदा आमच्या धक्क्यावर सकाळी!" कोणी गेले नाही.

मग अंगठ्याचे मशीन आले. मस्टरात निदान शेरा लिहायला जागा होती, मशीनला कारण ऐकून घ्यायची सवयच नाही. त्यात भाऊ दिवसभर ओल्या स्पंजावर बोट टेकवून व्हाउचर उलटणारे. जूनमध्ये तो अंगठा मशीनला ओळखूच यायचा नाही. पुसा, पुन्हा लावा, आणि मागे रांग. वेळेवर आलेला माणूस दारातच लेट! 2020 मध्ये कोरोनाने अंगठा बंद केला, तेव्हा मोकळा श्वास घेतलेला ऑफिसातला एकमेव माणूस म्हणजे भाऊ. आता मोबाइलवर चेहरा दाखवायचा, तोही ऑफिसच्या आवारात आल्यावरच.

खरा घाव मात्र 2025 मध्ये बसला. रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो फेऱ्या सुरू झाल्या: मोठ्या, आधीपेक्षा वेगवान. मी अभिनंदन केले तर भाऊ खिन्नच. "आता लेट झालो तर सांगू काय मरे?"

एवढी सामग्री हाताशी असून भाषणात मी लिहिले, 'भाऊंनी बदलत्या तंत्रज्ञानाशी जुळवून घेतले.' सत्काराचे भाषण हा असाच प्रकार आहे. त्यात खरे तेवढे गाळावे लागते. अटल सेतूही घातला. टाळ्या पडल्या. शाल झाली, नारळ झाला, मग भाऊंना दोन शब्द बोलायला सांगितले.

भाऊंनी माइक हातात धरला. "साहेब, ती लेटमध्ये कापलेली अर्धी अर्धी रजा, ती आता परत मिळेल काय?"

साहेब हसत म्हणाले, "मस्टरातली नोंद सिस्टिममध्ये येत नाही, भाऊ."

"मग रजेचा कापलेला हिशेब बरा सिस्टिममध्ये आला!" भाऊ म्हणाले आणि पुढच्या फेरीची वेळ विचारत खाली उतरले.