ओटीपी "चुकीच्या सिमवर" जातो म्हणे

"ड्युअल सिम फोनमध्ये ओटीपी कायम सिम 1 वरच येतो. त्यामुळं ज्या नंबरचा ओटीपी हवाय ते सिम पहिल्या स्लॉटमध्ये टाका, सेटिंगमध्ये एसएमएससाठी तेच सिम निवडा आणि दुसरं बंद करा. शंभर टक्के येतो."

हा मेसेज आपल्या सोलापुरातल्या निम्म्या ग्रुपवर फिरतोय.

पहिलं, स्लॉटचं. कंपनी मेसेज नंबरला पाठवते, स्लॉटला नाही. तुमचा नंबर कुठल्या सिमवर चालू आहे हे नेटवर्कला माहीत असतं, मग ते सिम फोनात पहिलं बसवलंय का दुसरं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मग ओटीपी "दुसऱ्याच सिमवर" का येतो? तर बहुतेक वेळा ॲपमध्ये नंबरच दुसरा गेलेला असतो. नंबर टाकायच्या जागी बोट लावलं की फोन स्वतःच एक नंबर सुचवतो, आपण न बघता ओके करतो, झालं. मेसेज उघडून त्याची माहिती बघा, तो कुठल्या सिमवर आला ते बऱ्याच फोनात दिसतं. मग ॲपमध्ये मागं जाऊन नंबरचे शेवटचे चार आकडे जुळतात का बघा.

एसएमएससाठी सिम निवडायची सेटिंग तर फक्त जाणाऱ्या मेसेजसाठी असते ओ, येणाऱ्या ओटीपीवर तिचा काहीच परिणाम नाही.

पण एका ठिकाणी सिम निवडणं खरंच महत्त्वाचं आहे आणि तेच या मेसेजमध्ये नाही. यूपीआय ॲप सुरू करताना बहुतेक वेळा ओटीपी येत नाही, उलट ॲप तुमच्या फोनवरून एक एसएमएस पाठवतं आणि तो कुठल्या नंबरवरून आला ते तपासलं जातं. आमच्या शेजारी एक काका आहेत, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहेत, त्यांचं बँक खातं जुन्या नंबरला जोडलेलं आणि नेट स्वस्त म्हणून नवीन सिम दुसरीकडचं. ॲपनं सिम विचारलं तर त्यांनी नेटवालं निवडलं, मग या नंबरला खातंच नाही असं आलं. हा फॉरवर्ड वाचून त्यांनी सिमची अदलाबदल केली, तर चालू असलेल्या दुसऱ्या यूपीआय ॲपनंही पडताळणी परत मागितली. शेवटी जुनं सिम निवडलं तरी अडलं, कारण त्यावर मेसेज जाईल एवढा बॅलन्सच नव्हता. साधं रिचार्ज मारलं आणि झालं.

दुसरं सिम बंद करायचा सल्ला मात्र कधीकधी उपयोगी वाटतो आणि त्यामुळंच तो पसरतो. बऱ्याच फोनात एका सिमवर कॉल चालू असताना दुसरं सिम लागत नाही, मेसेज कॉल संपल्यावर येतो आणि तोवर कोडची मुदत गेलेली असते. पण त्यासाठी सिम कशाला बंद करायचं, कॉल ठेवा की. आणि घाईत बंद केलेलं सिम नेमकं बँकेच्या नंबरचंच निघालं तर ओटीपी येणारच नाही.